एक ग्रॅम कसा तोलावा?

चाकणच्या बाजारात कांद्याने भरलेला ट्रक भुईकाट्यावर चढतो. आकडा येतो, चिठ्ठी मिळते, ट्रक खाली उतरतो. आता त्याच भुईकाट्यावर एकच कांदा ठेवून पाहा. काटा काय दाखवील? शून्य. कांद्याला वजन नाही असे थोडेच आहे? पण भुईकाट्याचा आकडा दहा-दहा किलोंच्या उडीने पुढे सरकतो. दहा किलोच्या आतले त्याला दिसतच नाही.

प्रत्येक काट्याची अशी एक उडी असते. किराणा दुकानातील तीस किलोचा काटा घ्या. त्याची उडी बहुधा पाच ग्रॅमची असते. आकडा पाचवरून दहावर जातो, दहावरून पंधरावर जातो. मधले सहा, सात, आठ त्याच्या गावीही नसतात. अशा काट्यावर एक लहान पट्टी असते, ती वाचा. जास्तीत जास्त किती तोलायचे ते तिच्यावर असते, तसेच कमीत कमी किती तोलायचे तेही असते. पाच ग्रॅमच्या उडीच्या काट्यावर कमीत कमी १०० ग्रॅम असे लिहिलेले आढळेल. म्हणजे काटा बनविणारा स्वतःच सांगतो की, बाबांनो, शंभर ग्रॅमच्या खाली माझ्यावर फार विसंबू नका. पण ही पट्टी वाचतो कोण?

घरी स्वयंपाकाला मिळतो तो लहान काटा. त्याची उडी एक ग्रॅमची. तो एक दाखवतो, दोन दाखवतो, तीन दाखवतो. मग एक ग्रॅम तोलायला अडचण ती कोणती? अडचण आहे, आणि ती नीट समजून घ्यावी लागेल. काट्यावर अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त ठेवले तरी तो १ असाच आकडा दाखवतो. दीड ग्रॅमला थोडे कमी ठेवले तरीही तो १ हाच आकडा दाखवतो. आकडा एकच, पण एक पारडे दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट! काटा खोटा बोलत नाही. त्याला जेवढे बोलता येते तेवढेच तो बोलतो.

आता हा अर्धा ग्रॅम कोणाला नडतो ते पाहू.

चाकण-महाळुंग्याकडे पूर्वी शेते होती, तेथे आता कारखाने आहेत. पहिल्या पाळीचे कामगार सकाळी लवकर निघतात. रस्त्याकडेला वडापावाच्या गाड्या लागतात. अशा एका गाडीला आमच्या ओळखीची एक बाई पाव पुरवते. तिला आपण वहिनी म्हणू. वहिनी रात्री आठला एक किलो मैदा मळते. त्यात ती यीस्ट घालते. यीस्ट म्हणजे खमीर, ते बारीक कोरडे दाणे पाकिटात मिळतात. दाणे कोरडे असले तरी ते जिवंत असतात. ओलावा मिळाला की ते जागे होतात, पिठातील साखर खातात आणि वायू सोडतात. त्या वायूने कणीक फुगते.

घाईचा पाव करायचा तर किलोला दहा ग्रॅमपर्यंत यीस्ट घालतात. मग दीड-दोन तासांत कणीक फुगते. पण वहिनीला रात्री झोप हवी आणि पहाटे पाव हवा. म्हणून ती किलोला एकच ग्रॅम घालते. कणीक सात-आठ तास सावकाश फुगते. पहाटे साडेतीनला उठून ती गोळे करते, ते पुन्हा फुगू देते आणि मग भट्टी पेटवते. सावकाश फुगलेल्या पावाला चवही बरी येते.

पण तिचा पाव रोज निराळा होई. एके दिवशी मऊ आणि गुबगुबीत, तर दुसऱ्या दिवशी चपटा. एक दिवस सबंध किलोची कणीक टाकून द्यावी लागली. गाडीवाला म्हणाला, "वहिनी, असा पाव आला तर मी दुसरीकडे बघतो." तेव्हा ती माझ्याकडे आली.

"गुरुजी, मी रोज काट्यावर एक ग्रॅमच घेते. आकडा रोज एकच असतो. मग पाव रोज निराळा का?"

उत्तर तुमच्या लक्षात आले असेल. आकडा रोज एकच होता, यीस्ट रोज एक नव्हते. एके दिवशी पाऊण, एके दिवशी सव्वा, तर एखाद्या दिवशी दीडला टेकलेले. यीस्ट जास्त झाले की कणीक मध्यरात्रीच फुगून वर येते. वहिनी उठते तोवर ती मधोमध खाली बसलेली असते. तिला आंबूस, दारूसारखा वास येतो आणि ती हाताला चिकटते. तिचा पाव चपटा होतो, आणि वरून तांबूसही होत नाही, कारण रंग आणणारी साखर यीस्टने आधीच खाऊन टाकलेली असते. यीस्ट कमी पडले तर उलट होते. पहाटे कणीक घट्टच असते, पाव जड होतो आणि त्याला वरून चीर जाते.

वहिनीच्या काट्यात आणखी एक खोड होती. ती चमच्याने चिमूट-चिमूट यीस्ट टाकी आणि आकडा कधी हलतो त्याची वाट पाही. पुष्कळ विजेऱ्यांच्या काट्यांना स्वतःहून शून्य धरून ठेवण्याची सवय असते. वाऱ्याने, धुळीने आकडा हलू नये म्हणून ती सोय केलेली असते. पण त्यामुळे शून्यापासून अगदी हळूहळू घातलेली चिमूट काटा धूळ समजून गिळून टाकतो. मग आकडा १ होईपर्यंत वाटीत कितीतरी जास्त पडलेले असते. हे ओळखायचे कसे? वाटी उचला आणि पुन्हा ठेवा. आकडा बदलला तर काट्याने काही गिळले होते असे समजा. थोडे थोडे घालण्यापेक्षा एकदम घाला आणि दर वेळी वाटी उचलून ठेवा.

पण ही खोड टाळली तरी अर्ध्या ग्रॅमची चूक राहतेच. नवा बारीक काटा घ्यावा का? मिळतो, सोनाराकडे असतो तसला. घेता आला तर जरूर घ्यावा. पण हातातल्या काट्यानेही काम होते. त्यासाठी चौथीचे गणित पुरे.

काट्याची चूक अर्ध्या ग्रॅमची आहे. एक ग्रॅम तोलताना चूक अर्धा ग्रॅम. वीस ग्रॅम तोलतानाही चूक अर्धाच ग्रॅम! माल वाढला तरी चूक वाढत नाही. रुपयात आठ आणे गेले तर बुडालो. वीस रुपयांत आठ आणे गेले तर कोण रडतो? म्हणून थोडे तोलायचे असेल तर पुष्कळ तोलावे आणि त्याचे भाग पाडावेत.

भाग कसे पाडायचे? वीस ग्रॅम यीस्टचे कागदावर डोळ्याने वीस ढीग करता येतील, पण डोळ्यावर भरवसा ठेवायचा तर काटा घेतला कशाला? म्हणून यीस्टमध्ये मैदा मिसळून त्याचा आकार वाढवायचा. मैदा तर कणकेत जायचाच असतो, त्याने काही बिघडत नाही. वहिनीने केले ते असे.

तिने २० ग्रॅम यीस्ट तोलले आणि १८० ग्रॅम मैदा तोलला. दोन्ही मिळून २०० ग्रॅम झाले. यात दहा भागांत एक भाग यीस्ट आहे. म्हणजे या मिश्रणाचे १० ग्रॅम घेतले की त्यात १ ग्रॅम यीस्ट आलेच. आणि १० ग्रॅम तोलणे तिच्या काट्याला जमते.

पण मिसळणे नीट झाले पाहिजे. सगळा मैदा एकदम ओतून चमचा फिरवला तर एका कोपऱ्यात यीस्ट जास्त आणि दुसऱ्या कोपऱ्यात नुसता मैदा राहतो. औषधे कुटणारे कंपाउंडर थोडी वस्तू पुष्कळ वस्तूत मिसळताना एक रीत पाळत. जेवढे आहे तेवढेच घालायचे, म्हणजे दर वेळी दुप्पट होते. वीस ग्रॅम यीस्टमध्ये आधी २० ग्रॅम मैदा घाला आणि चांगले कालवा. चाळीस झाले. त्यात ४० घाला, ऐंशी झाले. त्यात ८० घाला, एकशेसाठ झाले. शेवटी उरलेला ४० घाला. बेरीज करून पाहा: वीस, चाळीस, ऐंशी आणि चाळीस मिळून एकशेऐंशी होतात. भांडे, चमचा आणि हात अगदी कोरडे असावेत. पाण्याचा थेंब लागला की यीस्ट जागे होते.

मग त्याच दिवशी, लगेच, दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या बांधायच्या. वैद्य बांधतात तशा. लगेच का? यीस्टचे दाणे मैद्यापेक्षा मोठे असतात. डबा रोज हलला, आपटला की लहान आणि मोठे दाणे वेगळे होऊ लागतात. धान्य सुपात पाखडताना काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. मग पहिल्या आठवड्याची पुडी वेगळी आणि शेवटच्या आठवड्याची वेगळी. एकदा पुड्या बांधल्या की हे भांडण मिटते.

पुड्या वीस व्हायला हव्यात, आणि येथे एक गंमत आहे. एकोणीस पुड्या बांधून झाल्या की जे उरेल तीच विसावी पुडी. ती तोलू नका, आधी उरू द्या आणि मग तोला. ती दहाच्या आसपास भरली तर बाकीच्याही बऱ्या झाल्या आहेत. ती चौदा भरली तर पुड्यांमधून चार ग्रॅम कमी गेले. एकोणीस पुड्यांत चार ग्रॅम वाटले तर पुडीमागे पाव ग्रॅमसुद्धा होत नाही, ते चालेल. पण ती नुसती तीन भरली किंवा पंचवीस भरली, तर काटा किंवा हात चुकला आहे. मग पुन्हा सगळे एकत्र करून कालवा आणि पुन्हा बांधा. शेवटची पुडी ही आपली साक्षीदार. ती कोणाची भीड धरत नाही.

आता चूक किती उरली? वीस ग्रॅम यीस्ट तोलताना फार तर अर्धा ग्रॅम, म्हणजे चाळिसात एक. दहा ग्रॅमची पुडी तोलताना फार तर अर्धा ग्रॅम, म्हणजे चाळिसात दोन. दोन्ही मिळून चाळिसात तीन. शंभरात सात-आठ म्हणा. पूर्वी ही चूक शंभरात पन्नास होती. आणि काटा तोच, नवा घेतलेला नाही!

या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. मैद्यात थोडा ओलावा असतोच. त्यात यीस्टचा जोर हळूहळू कमी होतो. म्हणून वीस दिवसांच्या वर पुरवठा करून ठेवू नये.

कोणी म्हणेल, मैदा कशाला, पाण्यातच कालवू. तेही चालते, पण त्याच दिवसापुरते. २० ग्रॅम यीस्ट आणि १८० ग्रॅम कोमट पाणी कालवले आणि त्यातले १० ग्रॅम घेतले तरी एक ग्रॅम यीस्ट येते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. यीस्ट पाण्यात साखरेसारखे विरघळत नाही, ते तळाशी बसते. म्हणून घेण्याच्या क्षणी ढवळावे. आणि उरलेले उद्यासाठी ठेवता येत नाही. एका कणकेसाठी एकोणीस भाग फेकायचे, हे आमच्या हिशेबात बसत नाही. जेथे एकदम पुष्कळ कणीक मळतात त्या भट्टीलाच ही रीत परवडते.

काटा मुळीच नसेल तर? चमचा आहे ना! पण एक चमचा तोलून काही कळत नाही. दुकानदाराला विनंती करा. एका लहान चमच्याने, दर वेळी सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करून, वीस चमचे यीस्ट त्याच्या काट्यावर मोजा. समजा, साठ ग्रॅम भरले. म्हणजे एक चमचा तीन ग्रॅमचा. काट्याची उडी पाच ग्रॅमची असली तरी ती चूक वीस चमच्यांत वाटली गेली. एवढे लक्षात ठेवा की दुसऱ्या कंपनीचे यीस्ट आणले की चमचा पुन्हा तोलावा लागतो, कारण दाणे लहानमोठे असतात.

आपल्याकडे लहान तोल पूर्वीही होता. सोनाराच्या पेटीत गुंजा असत, लाल अंगाच्या आणि काळ्या टिकल्याच्या. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. आजच्या हिशेबाने तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्याला बाराने भागा. मासा जवळजवळ एक ग्रॅमच निघतो, केसभर कमी. म्हणजे वहिनीचा एक ग्रॅम तो आपल्या आज्याचा मासा! तब्येत जरा नाजूक असली की आपण तिला तोळामासा म्हणतो, ते याच हिशेबाने. १९५६ च्या कायद्याने ग्रॅम-किलो आले आणि १९५८ पासून ते टप्प्याटप्प्याने बाजारात रुळले. पण कोणी गुंजा आणून स्वयंपाकघरात तोलू नये. एकतर सगळ्या गुंजा सारख्या भरत नाहीत. सोनार त्या निवडून घेत. दुसरे म्हणजे गुंज विषारी असते. ती चावून खाल्ली तर जीव जाऊ शकतो. पोराबाळांच्या हाताशी ती नकोच.

केशराचे काय? केशर तर ग्रॅमच्याही खाली जाते. दुधात चिमूटभर केशर घाला म्हणतात. पण चिमूट कोणाची? सासूची चिमूट वेगळी, सुनेची वेगळी, आणि केशर तर ग्रॅमवर विकत घ्यावे लागते. येथे दोन सोयी आहेत. पहिली अशी, की केशराची एक ग्रॅमची डबी मिळते. तोलण्याचे काम कारखान्याने बारीक काट्यावर आधीच केलेले आहे. ते पुन्हा करू नका. नुसते भाग करा. दुसरी सोय अशी, की केशराच्या काड्या मोजता येतात. एका ग्रॅमात अदमासे चारशे ते पाचशे काड्या भरतात. पंचेचाळीस काड्या मोजल्या की ग्रॅमचा दहावा भाग झाला. येथे मोजणे हेच तोलणे.

कोजागिरीला दूध विकायचे असेल, काड्या मोजायला वेळ नसेल, तर पुन्हा वहिनीचीच युक्ती. एक ग्रॅमची सबंध डबी ४९ ग्रॅम साखरेबरोबर खलात घोटा. येथेही आधी थोड्या साखरेबरोबर बारीक घोटावे आणि मग बाकीची दुपटीने घालत जावे. साखर सगळीकडे सारखी पिवळी दिसली पाहिजे. कोठे लाल ठिपके दिसत असतील तर घोटणे पुरे झालेले नाही. ही मैद्यापेक्षा मोठी सोय, कारण रंगच आपल्याला खरे-खोटे सांगतो. झाले ५० ग्रॅम. त्यातले ५ ग्रॅम म्हणजे केशराचा दहावा भाग, दोन लिटर दुधाला पुष्कळ झाला. घट्ट झाकणाच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे.

हीच युक्ती दवाखान्यातही चालते, फक्त आपले तिकडे लक्ष जात नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीनच्या सुईच्या बाटलीवर दहा लाख युनिट असे लिहिलेले असते. आकडा केवढा मोठा! पण ती भुकटी अवघी ०.६ ग्रॅम असते. लहान मुलाला त्यातला थोडाच भाग द्यायचा असतो. नर्सबाई भुकटी तोलत बसत नाही. ठरलेले पाणी बाटलीत सोडून ती हलवते आणि सुईवरच्या रेघा मोजून हवे तेवढे पाणी ओढून घेते. मुळातले वजन कारखान्याने केले, भाग पाण्याने पाडले. यात एक बारीक गोष्ट अशी, की भुकटीही बाटलीत जागा व्यापते. म्हणून किती पाणी घालायचे ते बाटलीबरोबरच्या कागदावर लिहिलेले असते, आणि तेवढेच घालतात.

मात्र औषधाचा हा प्रकार घरी करू नये. पावात शंभरात सात-आठची चूक खपते, पाव थोडा लवकर फुगेल इतकेच. जोरदार औषधात तेवढी चूक खपेलच असे नाही, आणि गोळी कुटून साखरेत कालवली तर एका पुडीत जास्त आणि एका पुडीत कमी जाण्याची भीती असते. तेथे रंग नाही, वास नाही, चूक दिसायची कशी? पिकावरच्या विषारी औषधाचेही तसेच. स्वयंपाकाचा काटा आणि वाटी त्याला कधीही लावू नका.

वहिनी आता एक सरळ उभा डबा वापरते. कणीक ठेवली की तिच्या उंचीवर बाहेरून रबर लावते आणि पहाटे कणीक त्याच्या दुप्पट आली का ते पाहते. पुडी ठरलेली असल्यामुळे आता फरक पडला तर तो हवेचा, एवढे तिला कळते. वैशाखात रात्रीही उकडते. मग ती पुडी तोलून तिच्यातली अर्धीच घालते. कडाक्याच्या थंडीत दोन घालते. पूर्वी यीस्टही बदलत होते आणि हवाही बदलत होती. दोष कोणाचा ते ओळखू येत नव्हते.

पुड्यांच्या डब्यावर तिने चिठ्ठी चिकटवली आहे. तुम्ही केल्यात तर तुम्हीही चिकटवा, म्हणजे घरातले दुसरे कोणी त्या पुड्या नुसता मैदा म्हणून वापरणार नाही. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहा: यीस्ट १ ग्रॅम, मैदा ९ ग्रॅम, एका किलोला एक पुडी. आणि खाली पुड्या बांधल्याची तारीख.